वरच्या थराची वानगी

मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात मुरलेला खरेदीदार पोत्याच्या तोंडावरचे धान्य पाहून भाव बोलत नाही. तो पोत्यात लोखंडी नळी खुपसतो, पोटातले दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली फोडून ओल बघतो. समोरच्या एका पोत्यावर त्याचे समाधान होत नाही. थप्पीच्या मागचे आणि खालचे पोतेही तो उघडायला लावतो. ज्याला माल खपवायचा असतो तो चांगला दाणा वर ठेवतो, हे त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. एकदोनदा फसल्यावर ते ज्ञान हाताला आपोआप येते.

हाच माणूस गिऱ्हाइकांचे मत घ्यायला बसला, की पोत्याच्या तोंडावरची मूठ घेऊन खुशाल मोकळा होतो. माझा राग यावर आहे. धान्यात खडा निघाला तर नुकसान त्याचे होते, म्हणून तिथे तो तळापर्यंत हात घालतो. माणसांच्या बाबतीत चूक झाली तर नुकसान दुसऱ्याचे होते, आणि म्हणून तिथे त्याला वरचा थर पुरतो.

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले आणि बिबवेवाडीत राहतो. यार्डात एक किराणा-भुसाराचे दुकान आहे, तिथून आमच्या घरी वर्षानुवर्षे धान्य येते. दुकानाचे नाव सांगत नाही, कारण ही चूक एकट्या त्या दुकानाची नव्हे. त्या शेठजींच्या मनात आले की सुटी विक्री बंद करावी आणि सगळा माल पाच-पाच किलोंच्या बंद पिशव्यांतच विकावा. तागडीपाशी अडकलेला एक नोकर त्यामुळे मोकळा होणार होता, आणि सांडलवंडही थांबणार होती. सरळमार्गी माणूस, म्हणून गिऱ्हाइकांना विचारल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही असे त्यांनी ठरवले. गल्ल्याशेजारी छापील कागद ठेवले. सकाळी अकरा ते एक या वेळात जे येतील, बसतील, चहा घेतील, त्यांच्याकडून ते भरून घेतले. आठवड्याने गठ्ठा माझ्यापुढे टाकून म्हणाले, “सर, बघा, चारातले तीन लोक हो म्हणतात. आता कुणी मला बोल लावायचं कारण नाही.”

शेवटच्या वाक्याने मी चमकलो. पाहणी झाली होती ती उत्तर शोधण्यासाठी, आणि आता तिचा उपयोग ढालीसारखा होत होता.

त्यांचे आकडे मी इथे देत नाही. त्याच ठेवणीचे, हिशेबाला सोपे आकडे धरतो, म्हणजे चूक कुठे शिरते ते उघड दिसेल. समजा दुकानाची महिनाभराची वेगवेगळी गिऱ्हाइके 600 आहेत. त्यांतली 200 ही महिन्याचे वाणसामान एकदम भरणारी घरे आहेत. ही माणसे दुपारच्या आत गाडी घेऊन येतात आणि यादी वाचून दाखवतात. आणखी 100 जण खाणावळवाले आणि गाडेवाले आहेत, ते भल्या सकाळी येतात. उरलेले 300 म्हणजे रोजावर जगणारी माणसे: हमाल, टेंपोवाले, धान्य निवडणाऱ्या बायका, झाडणारे, आसपासच्या वस्त्यांतले लोक. यांचा दिवस मावळला की हातात पैसे पडतात, आणि मग ते पावशेर डाळ, अर्धा किलो तांदूळ घेऊन घरी जातात.

आता असे धरा, की बंद पिशव्यांना पहिल्या गटातले शंभरातले 85, दुसऱ्यातले 40 आणि तिसऱ्यातले 15 लोक राजी आहेत. म्हणजे 200 घरांतून 170, खाणावळवाल्यांतून 40 आणि रोजंदारीवाल्यांतून 45 होकार. एकूण 255. सहाशेंत 255 म्हणजे साडेबेचाळीस टक्के. दुकानाच्या गिऱ्हाइकांचे खरे मत हे आहे: बहुसंख्यांना पिशव्या नकोत.

गल्ल्याशेजारच्या कागदावर काय उमटेल? अकरा ते एकच्या दरम्यान खुर्चीवर टेकायला ज्यांना सवड आहे असे 60 जण घेतले, तर त्यांत 48 गाडीवाली घरे, 6 गाडेवाले आणि 6 रोजंदारीवाले सापडतील. होकार येतील 44 च्या आसपास, म्हणजे 73 टक्के. कुणी खोटे बोललेले नाही, बेरीजही चुकलेली नाही. प्रत्येकाने आपले खरे मत लिहिले आहे. तरीही उत्तर साफ उलटे निघाले, कारण निम्मी गिऱ्हाइके ज्या गटातली आहेत त्या गटाला कागदांत दहावा हिस्सा मिळाला.

संख्याशास्त्रात या एकाच अंगाला झुकण्याला अभिनती म्हणतात, आणि हाताशी आले त्यांना विचारून घेतलेल्या नमुन्याला सोयीचा नमुना. शब्द नेमका आहे. कुणाची सोय, हे मात्र आपण विचारत नाही.

शेठजी म्हणाले, “मग आणखी पंधरा दिवस कागद भरून घेतो. साठाचे सहाशे करू.” हा भ्रम फार खोल रुजलेला आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. त्याच खुर्चीवर, त्याच वेळी आणखी माणसे बसवली तर 60 ऐवजी 120 कागद होतील, होकार 88 होतील आणि उत्तर पुन्हा 73 टक्केच येईल. संख्या वाढली की निव्वळ योगायोगाने होणारी चूक कमी होते. तागडीच झुकलेली असेल तर जास्त वेळा तोलून काय होणार? उलट मोठा आकडा पाहून माणूस अधिक निर्धास्त होतो. 1936 साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रे धाडली. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींमधून घेतले होते. 20 लाखांवर उत्तरे परत आली आणि त्यावरून साप्ताहिकाने लँडन यांचा विजय जाहीर केला. प्रत्यक्षात रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्ये जिंकून गेले. मंदीने होरपळलेल्या माणसाच्या घरी ना टेलिफोन होता ना मोटार. ज्यांच्याकडे पत्र पोचले त्यांतही उत्तर धाडण्याची तसदी घेणारे वेगळ्या मनाचे होते. इतकी मते जमवूनही निवड चुकली, ती पहिल्या दिवशीच चुकली होती.

खरा उपाय आपल्याच एका माणसाने शेताच्या बांधावर उभे राहून शिकवला आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. 1940 च्या दशकात त्यांनी पिकाचा उतारा मोजण्याची पद्धत मुळापासून बदलण्याचे काम केले, आणि 1954 साली नमुना पाहणीच्या शास्त्रावरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. ही पद्धत येण्याआधी गावचा कामगार बांधावरून नजर टाकी आणि पीक किती आणे आले ते ठरवी. नजर जाणार ती रस्त्याकडेच्या शेतावर, ओळखीच्या शेतावर, किंवा साहेबाला जे ऐकायचे आहे त्याला धरून. नव्या पद्धतीत आधी चिठ्ठीने गाव काढायचे, मग गावातले शेत काढायचे. त्या शेताच्या एका कोपऱ्यापासून लांबीकडे किती पावले आणि रुंदीकडे किती पावले चालायचे, तेही यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यातून घ्यायचे. जिथे पाऊल थांबेल तिथे दोरी टाकायची आणि तेवढ्याच तुकड्यातले पीक कापून, मळून, तोलायचे. तो तुकडा विरळ निघाला म्हणून चार हात पुढे सरकायचे नाही, आणि फार डौलदार निघाला म्हणून मागेही यायचे नाही.

या नियमात मला मोठी नैतिक शिस्त दिसते. कुठला तुकडा निवडायचा हा अधिकार माणसाच्या हातातून काढून घेतला आहे. माणूस दुष्ट असतो म्हणून नव्हे. चांगला माणूससुद्धा नकळत आपल्यासारख्याकडे, आपल्या वाटेवरच्याकडे, आपल्याशी नीट बोलणाऱ्याकडे वळतो. यादृच्छिक म्हणजे वाटेल तसे, अंदाधुंद, असा अर्थ लोक करतात आणि रस्त्यावर दिसेल त्याला विचारून ‘आम्ही रँडम विचारलं’ असे सांगतात. अर्थ अगदी उलटा आहे. प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता आधी ठरलेली हवी, आणि विचारणाऱ्याला त्यात बोट घालता येऊ नये. चिठ्ठीला कुणाचे कपडे दिसत नाहीत.

आमच्या 600 गिऱ्हाइकांची पुरी यादी असती, तर काम सोपे होते. सहाशे चिठ्ठ्या डब्यात घालायच्या, हलवायच्या, साठ काढायच्या. साधारण 20 घरे, 10 गाडेवाले आणि 30 रोजंदारीवाले निघाले असते, आणि होकार आले असते 25-26, म्हणजे बेचाळीसच्या जवळपास. साठच माणसे असल्यामुळे हा आकडा दरवेळी थोडा हलेल, कधी 35 कधी 50, साधारणपणे बारा-तेरा टक्के इकडे किंवा तिकडे. तेव्हा साठ जणांवरून ‘बहुसंख्य विरोधात आहेत’ असे छातीठोक सांगता येणार नाही, हे मी शेठजींना स्पष्ट सांगितले. पण ही चूक किती असू शकते ते आपल्याला मोजता येते, आणि चौपट माणसे विचारली तर ती निम्म्याच्याही खाली उतरते. खुर्चीवरच्या 73 मधली चूक अशी मोजता येत नाही आणि माणसे वाढवून उतरतही नाही.

पण यादी होती कुठे? शेठजींनी उधारीची वही काढली, मोबाइलमधले नंबर काढले. दोन्हींत नावे होती ती त्याच गाडीवाल्या घरांची आणि काही खाणावळवाल्यांची. पावशेर डाळ नेणाऱ्याला उधारी कोण देतो, आणि त्याचे बिल तरी कोण फाडतो? वर्षानुवर्षे रोज दारात उभा राहणारा माणूस दुकानाच्या कोणत्याही कागदावर नव्हता. वहीतून कितीही प्रामाणिकपणे चिठ्ठ्या काढल्या असत्या, तरी तो निघाला नसता, कारण डब्यात त्याची चिठ्ठीच नाही. यादीबाहेरच्या माणसाला कोणतेही गणित परत आणत नाही, आणि आपल्या समाजात यादीबाहेर कोण राहतो हे का मी सांगायला हवे?

म्हणून आम्ही माणसांऐवजी वेळेच्या चिठ्ठ्या केल्या. दुकान सकाळी सात ते रात्री नऊ, आठवड्यातून सहा दिवस. म्हणजे आठवड्याचे 84 तास. प्रत्येक तासाची एक चिठ्ठी, त्यांतल्या बारा काढायच्या. ज्या तासाची चिठ्ठी निघेल त्या तासात दारातून येणाऱ्या दर पाचव्या माणसाला विचारायचे. चौथा ओळखीचा असला तरी नाही, सहावा हसतमुख असला तरी नाही. पाचवा थांबला नाही, तर त्याच्या जागी दुसरा घ्यायचा नाही. ‘नकार’ लिहायचा आणि पुन्हा पाच मोजायचे. नाही म्हणणाऱ्याच्या जागी हो म्हणणारा बसवला की चिठ्ठीने दाराबाहेर काढलेली अभिनती खिडकीतून परत आत येते. नकार कोणत्या तासात किती आले तेही वेगळे मांडायचे. संध्याकाळी दहांतले सहा आणि दुपारी दहांतला एकच नकार असेल, तर आपला नमुना अजून झुकलेलाच आहे असे समजायचे.

विचारणारा शेठ नको, हेही मी आग्रहाने सांगितले. ज्याच्या हातात तागडी आहे त्याच्या तोंडावर गरीब माणूस नाही म्हणत नाही. तो ‘तुमी म्हनाल तसं’ म्हणतो आणि दुकान बदलतो.

या पद्धतीलाही एक खोट आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणा ठरेल. महिन्यातून एकदा येणाऱ्या घराला दारात सापडण्याची एकच संधी मिळते. रोज येणाऱ्या बाईला महिन्याला 26 संधी मिळतात. नुसती उत्तरे मोजली तर आता तागडी रोजंदारीवाल्यांकडे झुकेल. माझी सहानुभूती कोणाकडे आहे हे वाचकाला कळलेच असेल, पण सहानुभूती हे माप नव्हे. म्हणून प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारायचा: महिन्यातून किती वेळा येता? एकदा येणाऱ्याचे उत्तर पुरे एक धरायचे, दहा वेळा येणाऱ्याचे दहावा हिस्सा, रोज येणाऱ्याचे सव्विसावा हिस्सा. तिच्या मताची किंमत याने घटत नाही. ती सापडण्याची शक्यता सव्वीसपट होती, ती फक्त फेडून घेतली जाते.

आणि माणसे मोजायची, फेऱ्या मोजायच्या की रुपये मोजायचे, हे पाहणीच्या आधी ठरवायला हवे. ‘किती गिऱ्हाइकांना पिशव्या चालतील’, ‘किती विक्री पिशव्यांतून होऊ शकेल’ आणि ‘किती उलाढाल टिकेल’ हे तीन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही निराळी येतील. उत्तरे आल्यावर सोयीचा प्रश्न निवडणे ही मला पोत्याच्या तळाशी खडे भरण्याइतकीच फसवणूक वाटते.

नमुना झुकला आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी खूण दुकानातच असते. तागडीवरच्या नोकराला एक दिवस कागद द्या आणि अर्धा किलो किंवा त्याच्या आतले माप झाले की एक रेघ ओढायला सांगा. दिवसातली निम्म्याहून जास्त मापे अशी निघाली आणि पाहणीच्या कागदांवर असे घेणारा दहांत एकच असला, तर कागद कुणाचे आहेत हे वेगळे सांगायला नको. रेघांच्या कागदावर फेऱ्या आहेत आणि पाहणीत माणसे, तेव्हा दोन्ही तंतोतंत जुळणार नाहीत. पण इतकी तफावत नुसत्या फेऱ्यांनी भरून निघत नाही.

जो आधीच दुकान सोडून गेला, तो यातल्या कोणत्याही युक्तीत सापडत नाही. त्याच्यासाठी यार्डाबाहेर पडून वस्तीत जावे लागेल.

आता दुकानातून बाहेर येऊन स्वतःकडे बघू. सोसायटीची सभा रविवारी सकाळी दहाला भरते, तिथे जे येतात त्यांचा ठराव ‘सर्वानुमते’ होतो. भाडेकरू आणि घरकाम करणाऱ्या बायका लिफ्ट कुठली वापरतील हेही त्यात ठरते. शहराच्या आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्याची नोटीस वर्तमानपत्रात छापून येते. सुनावणीला रोज बुडवून कोण जाणार? शाळा पालकांचे मत मोबाइलवरच्या गटात मागवते आणि ज्या आईकडे तसला फोन नाही तिचे मौन संमतीत जमा करते. मग आपण म्हणतो, लोकांना हेच हवे आहे. लोक! आपण विचारले ते आपल्याशी आपल्या भाषेत बोलणाऱ्यांना, आपल्या सवडीच्या वेळी, आपल्या खुर्चीवर बसवून. आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून त्याला जनमत म्हणणे हा अडाणीपणा नाही. अडाणी माणूस निदान गप्प बसतो. आपण टक्केवारी लावून बोलतो.

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण सहज म्हणतो. ती परीक्षा खरी ठरते, कारण एका पातेल्यातला भात एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. आपला समाज एका पातेल्यात कधी शिजला? ज्या समाजाने पाणवठे वेगळे केले, वस्त्या वेगळ्या केल्या, त्याला एका शितावर निकाल देण्याचा अधिकार उरत नाही. जिथे थर आहेत तिथे प्रत्येक थरात हात घालावा लागतो. हमालाच्या पाठीवरून आलेले धान्य आपण तपासून घेतो. त्याच हमालाला डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीत संघटित केले, 1969 साली माथाडी कायदा झाला, तेव्हा कुठे त्याचे नाव एखाद्या नोंदीत नियमाने चढू लागले. त्याआधी हा बाजार त्याच्यावाचून एक दिवस चालत नव्हता आणि तो कोणत्याही हिशेबात नव्हता.

बारा चिठ्ठ्यांतली एक बुधवार, संध्याकाळी सात ते आठ अशी निघाली. शेठजी म्हणाले, “सर, तेव्हा चिल्लर गर्दी असते. ही चिठ्ठी परत टाकू का?” मी नाही म्हणालो. बुधवारी त्यांच्या दारात कागद घेऊन उभा राहिलो. पहिला पाचवा माणूस हमाल होता. टेंपो सुटतोय म्हणून तो थांबला नाही. मी नकार लिहिला. पुढचा पाचवा होता तो कॉलेजचा मुलगा. मग एक मावशी आल्या, पदराच्या गाठीत नोटा, हातात रिकामी कापडी पिशवी.

बंद पिशवीचा प्रश्न ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पाच किलो तांदूळ एकदम नेला तर आजच्या दिवसाचं तेल आन् भाजी कशातनं आणू? आन् घरी उंदरं हायत बाबा, ठेवू कुठं?”

“महिन्यातनं किती वेळा येता इथं?”

“रोज. दुकान बंद असंल तो दिस सोडून.”

त्या गेल्यावर शेठजी गल्ल्यावरून उठून माझ्याजवळ आले. कागदावर वाकून त्यांनी विचारले, “ह्यांचं एक धरायचं, का सव्विसावा हिस्सा?” इतक्या दिवसांत त्यांनी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. मी रकान्यात 26 लिहिले आणि पुन्हा दाराकडे पाहून मोजू लागलो. तास संपायला अजून वीस मिनिटे होती.